मधला थर

आई नोकरीला होती तेव्हा आमच्या घरी तिच्या कामाबद्दल कोणालाच धड सांगता येत नसे. वडिलांना कोणी विचारलं, "वहिनी काय करतात?" तर ते म्हणायचे, "तेल कंपनीत आहे." पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायचे. आजी मात्र ठणकावून सांगायची, "आमची सून माती चाळते. पगार चांगला आहे."

आजीचं चुकत नव्हतं. आई खरंच माती चाळायची. जमिनीत खोल भोक पाडताना जो दगडाचा चुरा वर येतो, तो कापडी पिशव्यांतून तिच्या प्रयोगशाळेत येई. प्रत्येक पिशवीवर खोली लिहिलेली असे. तो चुरा केरोसीनमध्ये भिजवायचा, बारीक चाळणीवर पाण्याखाली धुवायचा, भट्टीत वाळवायचा आणि मग जी चिमूटभर वाळू उरेल ती काळ्या तबकडीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. शाळेला सुट्टी असली की ती मला बरोबर न्यायची. ओल्या मातीचा आणि केरोसीनचा तो वास अजून कुठे आला तर मी थबकते.

पहिल्यांदा तिने मला त्या नळीतून बघू दिलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी मिठाईचं दुकान उलटं केलंय. शंख, गोळ्या, फुलं, भाकरीसारख्या चकत्या. सगळं मोहरीहून लहान.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"कोणी नाही. एकेका पेशीचे जीव होते समुद्रात. फोरामिनिफेरा म्हणतात. ही त्यांची कवचं. मेले की तळाशी पडायचे, वर गाळ बसायचा. गाळाचा झाला दगड."

"इथे समुद्र होता?"

"सगळीकडे कधी ना कधी होता," आई म्हणाली आणि मला बाजूला सरकवून कामाला लागली.

तिला हे सगळं ज्यांनी शिकवलं ते प्रयोगशाळेचे प्रमुख. समोर त्यांना सगळे 'सर' म्हणत, पाठीमागे 'मास्तर'. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम दोन-तीन बारीक ब्रश. त्या ब्रशाचं टोक जिभेवर ओलं करून ते एकेक कवच उचलत. आजारपण येईल म्हणून त्यांची बायको ओरडायची, तर ते म्हणायचे, "कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेत गं ते. आता काय चावणार?"

आई म्हणते, मास्तरांनी तिला ओळखायला शिकवलं नाही, संशय घ्यायला शिकवलं. विहिरीतून, म्हणजे त्या खोल भोकातून, वर येणारा चुरा हा भरवशाचा माणूस नव्हे. पाइपाच्या टोकाचं दातेरी बिट खाली दगड फोडत असतं, तो चुरा भोकात सोडलेल्या चिखलाबरोबर वर येतो. पण वाटेत भोकाच्या भिंती ढासळतात आणि वरच्या थरातली कवचं खालच्या चुऱ्यात मिसळतात. म्हणून अमुक जीव चुऱ्यात दिसला याला फारशी किंमत नाही. वरून खाली जाताना तो पहिल्यांदा कुठे दिसला, याला किंमत. कारण तिथे तो जगातून नाहीसा झाला. त्याच्या वरच्या थरांत तो नाहीच, मग ढासळून येणार कुठून?

"पण सर, उलटंही होतं ना?" आईने सुरुवातीच्या दिवसांत विचारलं होतं. "जुना दगड झिजून त्यातली कवचं नव्या गाळात जाऊन बसली तर?"

मास्तर खूश झाले होते. "तर तू फसशील. म्हणून एका शिंपल्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही. त्याची सोबत बघायची."

मास्तरांच्या आयुष्यात एक थर होता. मी 'थर होता' म्हणते, कारण आईही तसंच म्हणायची, एखाद्याच्या आयुष्यात एखादी बाई असावी तसं. एकमेकींपासून बऱ्याच लांब असलेल्या तीन जुन्या विहिरी होत्या. तिन्हींत वाळूचे थर होते आणि कुठला थर कुठल्याशी जुळतो यावर कंपनीत वर्षानुवर्षं वाद. मोजमापाच्या आलेखांवर वाळू वाळूसारखीच दिसते. मास्तरांनी तिन्ही विहिरींचे जुने नमुने पुन्हा धुतले आणि दाखवून दिलं, की पहिल्या विहिरीतली वरची वाळू, दुसरीतली मधली आणि तिसरीतली जवळजवळ तळाची, ही एकच वाळू आहे. तिन्ही ठिकाणी तिच्या वर तेच जीव संपतात आणि खाली तेच. खोली वेगळी, काळ एक. शिवाय ती वाळू एका दिशेने जाड होत चालली होती आणि त्या दिशेला जमिनीखाली दगडांचा एक मोठा घुमट होता. तेल साठायला अशीच जागा लागते.

घुमटाच्या माथ्यावर विहीर खोदा, असं मास्तर किती वर्षं सांगत होते कोण जाणे. वरचे साहेब बदलत गेले, फाइल तीच राहिली. शेवटी निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना मंजुरी आली. त्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे वाटले. आईच्या हातात दोन ठेवले आणि म्हणाले, "रिगवर तू जा. मला आता चिखलात उभं राहवत नाही."

तेव्हा बाईने रिगवर, म्हणजे खोदकामाच्या तळावर, राहणं ही बातमीच होती. आईला एक पत्र्याची खोली मिळाली. एका कोपऱ्यात चाळण्या आणि नळ, दुसऱ्यात टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक. यंत्रांच्या धक्क्याने सगळी खोली थरथरायची, म्हणून तिने टेबलाच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे सरकवले होते. रिगवरचे लोक तिला 'बाईसाहेब' म्हणायचे आणि तिच्या खोलीवरून जाताना उगाचच बूट झटकायचे. इकडे घरी वडील आमच्यासाठी स्वयंपाक करत होते आणि आजी रोज जेवताना म्हणत होती, "मीठ घातलंय का विसरलास, ते सांग, म्हणजे तसं जेवते."

विहीर खाली जात राहिली. आईच्या तबकडीत रोज तीच ओळखीची मंडळी. त्यांत एक होती अगदी गोल, मण्यासारखी. तिला आई नि मास्तर 'गोटी' म्हणत. ही जगात येऊन दीडेक कोटी वर्षं झाली आणि अजूनही समुद्रात तरंगते आहे. गोटीचे थर संपले की हळूहळू त्याआधीच्या काळातले जीव दिसायला हवे होते, आणि मग मास्तरांचा तो मधला थर.

एका सकाळी तिने नवा नमुना पसरला आणि तिचा हात थांबला. तबकडीत गोट्या होत्या. आणि गोट्यांमध्ये एक चांदणी होती. प्रत्येक कप्प्याला एकेक लांब काटा. हांटकेनिना तिचं नाव, पण प्रयोगशाळेत सगळे तिला 'काटेरी' म्हणत. काटेरी सुमारे तीन कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीशी झाली. मास्तरांची वाळू तिच्यानंतरची, म्हणजे काटेरीच्या वर असायला हवी. आणि वाळू तर अजून आलीच नव्हती.

आईने नमुना पुन्हा धुतला. चाळणी घासून, वेगळी घेऊन. पुन्हा काटेरी. पुढच्या पिशवीत आणखी. तिच्या पुढच्या पिशवीत काटेरीबरोबर तिच्या काळातले सोबतीही. मधल्या काळातलं मात्र कोणीच नाही.

तिने रेडिओवरून निरोप धाडला : सर, तुम्ही या.

मास्तर दुसऱ्या दिवशी जीपने आले. खोलीत शिरले, बूटही न काढता टेबलाशी बसले आणि बराच वेळ बघत राहिले. ड्रिलिंगचे साहेब दारात उभे. ते तसे भले गृहस्थ होते, पण रिगचं काम थांबलं की त्यांना जेवण जात नसे.

"पुढे जायचं ना?" त्यांनी विचारलं. "ठरलेली खोली अजून लांब आहे."

"जायचं," मास्तर म्हणाले. "या काटेऱ्या इथल्या नाहीत. जुना दगड कुठेतरी झिजलाय आणि त्या वाहत येऊन नव्या गाळात बसल्यात. गोट्या बघा किती आहेत. आपण अजून वरच्याच काळात आहोत. वाळू खाली आहे."

साहेब गेल्यावर आई म्हणाली, "सर, मला उलटं वाटतं."

"काय उलटं?"

"गोट्या वरून ढासळून आल्यात. काटेऱ्या इथल्याच आहेत. वाहत, घासत आल्या असत्या तर काटे राहिले असते का? काहींचे अख्खे आहेत."

"एखाददुसरा राहतो."

"एखाददुसरा नाही, सर. आणि त्यांची सोबत आहे. तुम्हीच सांगता, सोबत बघ."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ब्रश खिशात ठेवला, पुन्हा काढला. "मग वाळू कुठे गेली?"

"ती नाहीये, सर. आपण वरच्या काळातून एकदम खालच्या काळात उतरलोय. मधला जिनाच नाही."

आई म्हणते, आयुष्यात ती बरीच अवघड वाक्यं बोलली, आजीला सुद्धा, पण यासारखं नाही. मास्तर बाहेर जाऊन खोलीच्या पायरीवर बसले. तिने आत चहा केला आणि नेऊन दिला. दोघं तिथेच पायरीवर चहा प्यायले. समोर मनोऱ्यावर पाइप चढत होते.

"दोघांचं म्हणणं चुऱ्यावरून सिद्ध होणार नाही," शेवटी मास्तर म्हणाले. "चुऱ्यात दोन्ही दिसणार. भिंतीतून नमुना काढायला हवा."

"साहेब देतील?"

"मी मागतो. माझी विहीर आहे ना, मलाच मागू दे."

हे मला आईच्या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं. त्यांना नुसतं 'पुढे चला' म्हणता आलं असतं. त्यांचा शब्द चालत होता. पण ते साहेबांकडे गेले आणि म्हणाले, आमच्या दोघांत मतभेद आहे, खोदणं थांबवा आणि भिंतीतले नमुने द्या. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि होकार दिला.

सगळा पाइप वर काढायला वेळ लागला. मग तारेवरून भोकात एक लांब नळकांडं सोडलं. त्याच्या अंगावर पोकळ गोळ्या बसवलेल्या असतात. ठरलेल्या खोलीवर एकेक गोळी भिंतीत घुसते, आत दगडाचा छोटा गट्टू पकडते आणि बारीक तारेने परत ओढली जाते. काही गोळ्या रिकाम्या आल्या, एक तर भिंतीतच राहिली. उरलेल्यांत अंगठ्याएवढे गट्टू होते. भिंतीचा आतला दगड. त्यात वरून काही पडण्याचा प्रश्न नाही.

आईने प्रत्येक गट्टूवरचा चिखलाचा लेप चाकूने खरवडून काढला, आतला भाग भिजवला, धुतला, वाळत ठेवला. मास्तर शेजारी बसून होते. वाळेपर्यंत ते आपले ब्रश पुसत राहिले. बाहेर रिगवरचे लोक जरा हळूच बोलत होते म्हणे, जसं काही आत कोणी आजारी आहे.

पहिली तबकडी तिने त्यांच्यापुढे सरकवली. "सर, तुम्ही बघा."

त्यांनी बघितलं. ब्रशाने कण इकडचे तिकडे केले. तबकडी फिरवली.

"गोटी एकही नाही," ते म्हणाले.

आईने दिवा जरा जवळ सरकवला.

"सगळ्या काटेऱ्या. आणि त्यांचं गणगोत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरोबर आहेस तू. वाळू नाही इथे."

मग ते स्वतः साहेबांना सांगायला गेले. आईला त्यांनी येऊ दिलं नाही. खिडकीतून तिला दिसलं, मास्तर काहीतरी बोलताहेत आणि साहेब मान खाली घालून ऐकताहेत, आणि मग साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून विहीर बंद करायची तयारी सुरू झाली.

दुसरा कोणी असता तर जीप मागवून घरी गेला असता. मास्तर परत टेबलाशी येऊन बसले. "बाकीचे गट्टू बघू दे. धुतलेच आहेस तर."

आईला वाटलं, मन रमवताहेत. ती सामान आवरायला लागली. दुपार कलायला आली तेव्हा त्यांनी हाक मारली, "अगं, हे बघ."

तो गट्टू काटेरीच्या जरा वरचा होता, जिथे वरचा काळ संपत होता तिथला. त्यात गोट्या होत्या, स्वच्छ, पांढऱ्या. भिंतीतला नमुना, म्हणजे त्या तिथल्याच. पण त्यांच्यात काही कवचं होती तपकिरी, कडा झिजलेल्या, घासून गुळगुळीत झालेली. आईने तशी आधी चुऱ्यातही पाहिली होती आणि मोडकी म्हणून सोडून दिली होती.

"कोण आहेत सांग," मास्तर म्हणाले.

तिने नीट पाहिलं. मग आणखी एक उचलून पाहिलं. "सर, ही मधल्या काळातली आहेत."

"हो ना? मला वाटलं, माझे डोळे माझ्याच बाजूने बोलताहेत."

आई सांगते, त्यांचा चेहरा तेव्हा मंजुरीच्या दिवशी होता त्याहूनही वेगळा झाला. थर इथे कधी साचलाच नव्हता असं असतं, तर त्यातली झिजलेली कवचं वरच्या गाळात आली नसती. म्हणजे मधला थर इथे होता. घुमट वर उचलला गेला, माथा उघडा पडला, थर झिजून वाहून गेला, आणि मग पुन्हा समुद्र आला आणि वर गोट्यांचा गाळ साचला. जुन्या दगडातून वाहून आल्याचं मास्तर काटेरीबद्दल जे म्हणत होते, ते मधल्या काळातल्या जीवांबद्दल खरं होतं.

"माथ्यावरचा गेला," मास्तर म्हणाले, "पण उतारावर? उतार इतका वर आला नसेल. तिथे कापला गेला नसेल सगळा. तेल अडवायला वर चिकणमातीचं झाकण आहेच."

"म्हणजे उतारावर खोदायचं?"

"मी आता कोणाला काही सांगण्याच्या स्थितीत नाही," ते म्हणाले आणि हसले. "तू सांग."

ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात भाषणं झाली, विहिरीचं नाव कोणी काढलं नाही. त्यांच्या खुर्चीवर आई बसली, आणि वर्षामागून वर्षं तीच गोष्ट तिने सांगितली : घुमटाच्या उतारावर एक विहीर द्या. "एकदा कोरडी निघाली ना?" असं तिला सांगण्यात येई. ती म्हणायची, "कोरडी निघाली म्हणूनच सांगतेय." घरात आम्ही जेवायला बसलो की वडील विचारायचे, "काय, आज उतार मिळाला का?" आजी तोवर राहिली नव्हती, नाहीतर तिनेही नक्की विचारलं असतं.

मी कॉलेजात असताना उतार मिळाला. आई पुन्हा रिगवर गेली. आता पत्र्याच्या खोलीऐवजी चांगली गार हवेची खोली होती आणि आईचे केस पांढरे होते. गोटीचे थर संपले. त्यानंतर तबकडीत मधल्या काळातले जीव यायला लागले, आधी थोडे, मग भरपूर. झिजलेले नव्हेत, स्वच्छ, कडा शाबूत असलेले. आईने फोनवर वडिलांना फक्त एवढंच सांगितलं, "आलेत." त्यांना समजलं. त्यांच्याखाली वाळू लागली आणि वाळूच्या कणांना तेलाचा वास होता. ते काही फार मोठं क्षेत्र निघालं नाही, वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, पण ती विहीर पुढे पुष्कळ वर्षं चालली.

रिगवरून परतल्यावर आई थेट मास्तरांकडे निघाली. गाडी मी चालवत होते. शहराच्या टोकाला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ते राहायचे. त्यांच्या बायकोने दार उघडलं. ते खिडकीपाशी आरामखुर्चीत होते, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांना कंपनीतून कोणीतरी आधीच कळवलं होतं.

"अभिनंदन बिभिनंदन राहू दे," आईने वाकून नमस्कार करायच्या आतच ते म्हणाले. "क्रमाने सांग. गोटी कुठे संपली?"

आईने सांगितलं.

"मग?"

मग एकेक जीव, एकेक खोली. ते मान डोलवत होते. तेलाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. वाळूपाशी आल्यावर जरा थांबले, "जाड किती?" एवढंच. आणि मग, "काटेरी?"

"वाळूच्या खाली, सर. तिच्या जागी."

ते मागे टेकले. त्यांची बायको मला आत घेऊन गेली, चहा टाकत हळूच म्हणाली, "ती पहिली विहीर बंद केली ना, तेव्हा हे घरी आले आणि मला म्हणाले, पोरीनं मला पकडलं. मला वाटलं, चिडलेत. तर इतके खुशीत सांगत होते, की मला कळेचना झालंय काय."

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो तर दोघांचं जुंपलेलं होतं. आईने बरोबर एक काचपट्टी आणली होती, नव्या विहिरीतल्या मधल्या थरातली. मास्तरांनी कपाटातून आपला जुना सूक्ष्मदर्शक काढायला लावला होता, तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ते डोळा लावून बसले होते.

"ही ती नव्हे," ते म्हणत होते. "हिचं तोंड बघ, कसं खालच्या बाजूला आहे."

"सर, तुमचं भिंग धुरकट आहे. तीच आहे."

"भिंगाला नावं ठेवू नकोस. याच भिंगाखाली शिकलीस तू."

"म्हणून तर सांगतेय."

मी चहा ठेवला. कोणी बघितलं नाही. मास्तरांच्या बायकोने मला खुणेनेच बसायला सांगितलं आणि आपला कप उचलला. खिडकीतून उन्हाची तिरीप कट्ट्यावर आली होती, त्या दोघांची डोकी आलटून पालटून नळीवर वाकत होती, आणि आपण दोघी ऐकायलाच आलोय अशा निवांतपणे आम्ही चहा प्यायलो. त्यांचा निकाल लागला की नाही ते मला आठवत नाही. परत येताना आई गाडीत काचपट्टी उजेडाला धरून बघत होती, आणि घराच्या कोपऱ्यावर वळताना एकदम म्हणाली, "त्यांचंच बरोबर असेल गं. उद्या पुन्हा बघते."

मास्तर त्यानंतर दोन-तीन वर्षं होते. दर आठवड्याला आई काही ना काही काचपट्टी घेऊन त्यांच्याकडे जायची, आणि परत आली की वडिलांना सांगायची, आज कोण जिंकलं ते.